आतड्यांची कैफियत

धावण्याचा नाद लागलेल्या मनुष्याच्या शरीरातील बहुतेक अवयवांना समाजात काही ना काही प्रतिष्ठा प्राप्त झालेली आहे. गुडघा दुखू लागला म्हणजे त्यास पट्टा बांधून लग्नसमारंभात मिरवता येते. टाच ठणकू लागली म्हणजे तिच्या व्याधीचे लांबलचक परकीय नाव चारचौघांत उच्चारून श्रोत्यांच्या मुद्रेवर आदर उमटवता येतो. आणि पायाच्या अंगठ्याचे काळे पडून गळालेले नख काडेपेटीत जपून ठेवणारे व पाहुण्यांना चहानंतर दाखवणारे एक सद्गृहस्थही माझ्या परिचयाचे आहेत. पोटाच्या वाट्याला मात्र असा सन्मान कधी आलेला नाही. पाच-सात किलोमीटर अंतर होते न होते तोच नाभीखाली मुरडा पडून, कपाळावर घर्मबिंदू जमून, ज्या इसमास भर रस्त्यावर बहिर्दिशेची निकड भासते आणि जो त्यानंतरचा सर्व वेळ निसर्गशोभेऐवजी आडोशांचे निरीक्षण करण्यात घालवतो, तो घरी परतल्यावर एवढेच सांगतो, की आज पाय जरा जड वाटत होते.

या मौनामुळे ही व्याधी दुर्मीळ आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. लांब पल्ल्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ३० ते ९० लोकांना पोटाचा काही ना काही उपद्रव होतो, असे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे. हा अंदाज इतका ऐसपैस आहे, की त्यात न बसणारा धावक शोधून काढणे कठीण. ज्यांना आपल्या पोटाची लाज वाटते, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की २००५ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये पॉला रॅडक्लिफ या जगद्विख्यात धावपटू स्त्रीस शेवटच्या काही मैलांत हाच प्रसंग गुदरला, तेव्हा तिने हजारो प्रेक्षक व दूरचित्रवाणीचे कॅमेरे यांच्यासमक्ष रस्त्याच्या कडेला बसून तो निकालात काढला, आणि पुन्हा उठून, धावून, २ तास १७ मिनिटे ४२ सेकंदांत ती शर्यत जिंकलीही. आमच्या गटातील मंडळींना यापैकी पहिला भाग अनेकदा साधलेला आहे. दुसऱ्या भागाची आम्ही अद्याप प्रतीक्षा करीत आहोत.

आमचा हा गट पुण्यात दर रविवारी पहाटे पाषाणच्या रस्त्याला लागतो. त्यात मी करतो त्या क्रियेस धावणे म्हणणे हा निव्वळ सौजन्याचा भाग होय. दूध घालणारा मुलगा सायकल हातात धरून, दोन्ही बाजूंस बरण्या लोंबत असताना मला मागे टाकून गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. परंतु मंदगती मनुष्यास एक लाभ असतो, तो म्हणजे पुढे गेलेली मंडळी कोणत्या कारणास्तव थांबली आहेत हे त्याला यथावकाश व तपशीलवार पाहता येते. अशा थांबणाऱ्यांत अग्रस्थानी असत आमचे रावसाहेब. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालवून ते सेवानिवृत्त झाले, आणि ज्या चिकाटीने त्यांनी आयुष्यभर सातबाराचे उतारे तपासले त्याच चिकाटीने साठीनंतर धावू लागले. गुडघे उत्तम, हृदय ठणठणीत, श्वास लोहाराच्या भात्यालाही लाजवील असा. पण तिसऱ्या किलोमीटरला एक आणि बाराव्या किलोमीटरला दुसरी, अशा दोन हाका त्यांच्या पोटातून इतक्या नियमितपणे येत, की त्यांवरून आम्ही अंतर मोजत असू.

या विषयावर आमच्या गटात उपदेशकांची कधीच वाण पडली नाही. एकाने ओवा सुचवला. दुसऱ्याने शनिवारी रात्री इसबगोल घेण्याचा आग्रह धरला. तिसऱ्याने, जो स्वतः कधीही दोन किलोमीटरच्या पुढे गेलेला नाही, उपाशीपोटी धावण्याचे माहात्म्य सांगितले. आणि चौथ्याने पोट आवळून बांधण्याचा पट्टा आणून दिला. रावसाहेबांनी हे चारही उपाय एकाच रविवारी केले. त्याचा परिणाम ज्यांनी पाहिला त्यांनी तो पुन्हा सांगू नये, असे आमच्यात सर्वानुमते ठरलेले आहे.

खरे प्रकरण उपस्थित झाले ते आषाढात. त्या वर्षी कांदेनवमी शनिवारी आली होती. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत आषाढ शुद्ध नवमीस कांद्याचा जो निरोपसमारंभ होतो, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी अनुभवलेला नाही त्यांना ते खरे वाटणार नाही. रावसाहेबांच्या घरी सकाळी कांदेपोहे झाले, दुपारी कांद्याचे थालीपीठ व वर लसणाची चटणी झाली, पाऊस लागला म्हणून चार वाजता खेकडा भजी झाली, आणि आता चार महिने दर्शन नाही या विरहभावनेने रात्री नऊ वाजता कांद्याचा झुणकाही झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, घोटभर दुधाचा कडक चहा घेऊन, रावसाहेब अठरा किलोमीटर धावण्यास आमच्यात रुजू झाले.

तिसऱ्या किलोमीटरची हाक त्या दिवशी दुसऱ्याच किलोमीटरला आली. रस्त्याकडेच्या स्वच्छतागृहास कुलूप होते. शेजारच्या इमारतीच्या पहारेकऱ्यास त्यांनी किल्लीविषयी विचारले.

"किल्ली मुकादमाकडं असती," तो म्हणाला.

"आणि मुकादम?"

"आठाला येतो. रविवारचा धा वाजता."

पुढे पेट्रोल पंप होता. तेथील मुलाने रावसाहेबांस आपादमस्तक न्याहाळून, "गाडी कुठंय?" असा प्रश्न केला, आणि गाडी नाही असे कळताच मागच्या दरवाजाकडे बोट दाखवण्याऐवजी 'फक्त ग्राहकांसाठी' या पाटीकडे बोट दाखवले. अखेर एका अमृततुल्याच्या मालकास त्यांची दया आली. "आत जा काका, पण आधी एक स्पेशल सांगा, मग जा," तो म्हणाला. आणि रावसाहेबांनी प्रकृतीच्या त्या नाजूक अवस्थेत, सरकारी शिस्तीस अनुसरून, आधी शुल्क भरावे या भावनेने तो संपूर्ण चहा उभ्याउभ्या प्राशन केला. त्या चहाचा हिशेब नवव्या किलोमीटरला चुकता झाला. त्या ठिकाणी ना पंप होता ना अमृततुल्य, केवळ घाणेरीची झुडपे होती, आणि आषाढाच्या कृपेने ती दाट होती.

आमच्या गटात पोटविकारांचे एक डॉक्टर आहेत. रविवारी पहाटे कोणी आपल्याला व्यवसायासंबंधी काही विचारू नये म्हणून ते सर्वांच्या पुढे धावतात. पण त्या दिवशी रावसाहेब परतीच्या वाटेवर चालत आहेत असे पाहून तेही थांबले, आणि मी अर्थात आधीपासून चालतच होतो.

"डॉक्टर, माझं पोट मुळातच कमजोर आहे का हो?" रावसाहेबांनी कासावीस होऊन विचारले.

"तुमचं पोट इतकं दणकट आहे, की कालची भजी दुसऱ्या कोणाला झेपली नसती," डॉक्टर म्हणाले. "प्रश्न भज्यांचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. तुमच्या कचेरीतला सगळा शिपाईवर्ग निवडणुकीच्या कामाला लावला आणि त्याच दिवशी जमीनमहसुलाचा भरणा घ्या म्हणून हुकूम आला, तर काय होईल?"

"खिडकीवर दंगा होईल."

"तोच तुमच्या आतड्यांत होतो."

मग त्यांनी जे विवरण केले त्याचा मथितार्थ असा. आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा जठर, आतडी, यकृत या मंडळींच्या दिमतीस असतो. धावू लागताच तो तेथून काढून मांड्यांच्या व पोटऱ्यांच्या स्नायूंकडे, आणि उष्मा असेल तर त्वचेकडेही, रवाना केला जातो. परिश्रम पराकोटीचे असले तर आतड्यांचा रक्तपुरवठा शेकडा ८० पर्यंत घटू शकतो. रक्त घटले म्हणजे शोषणाचे काम मंदावते. त्यात धावताना प्रत्येक पावलागणिक आतड्यांस हिसका बसतो, आणि म्हणूनच सायकल चालवणारांस, तितकाच घाम गाळूनही, खालच्या पोटाचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. अशा अपुऱ्या नोकरवर्गाच्या व हिंदकळत्या कचेरीत जे काही न पचलेले, न शोषलेले पडून असेल, ते एक तर वायू उत्पन्न करते, किंवा आपल्याकडे पाणी ओढून घेते, आणि मग ते सर्व प्रकरण तातडीचे म्हणून पुढे पाठवले जाते.

"पण कांदा तर मी लहानपणापासून खातो," रावसाहेबांनी हरकत नोंदवली.

"खा ना. कांदा, लसूण, गहू यांत एक प्रकारची शर्करेची साखळी असते. ती तोडण्याचं हत्यारच माणसाच्या आतड्यात नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू होतो, पाणी सुटतं. मटकीच्या उसळीचंही तसंच, आणि दूध ज्यांना सोसत नाही त्यांच्या दुधाचंही. एरवी घरी बसलेल्या माणसाला दोन ढेकर येतात आणि प्रकरण मिटतं. तुम्ही तेच घेऊन अठरा किलोमीटर उड्या मारता."

मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी अशा अर्धवट शोषल्या जाणाऱ्या शर्करांचे एकत्रित टिपण करून त्यांस 'फॉडमॅप' अशी संज्ञा दिली आहे, ही माहितीही त्यांनी पुरवली. रावसाहेबांना घरी पोचवायला गेलो तेव्हा ती ऐकून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, विजयी मुद्रेने म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना हे विद्यापीठ न काढताच ठाऊक होतं. उगीच का चातुर्मासात कांदा-लसूण बंद?"

डॉक्टरांनी आदराने मान लवविली, पण सत्यास बाध येऊ दिला नाही. "वहिनी, चातुर्मासात मटकीची उसळ मात्र चालते. ती रावसाहेबांना चालत नाही."

अव्वल कारकुनास एकदा कारणमीमांसा कळली, की पुढचे काम नोंदवहीचे. रावसाहेबांनी एक दोनशे पानी वही घेतली, लाल शाईने रकाने आखले, आणि शीर्षके दिली ती अशी: तारीख, आदल्या सायंकाळचा आहार व वेळ, पहाटेचा आहार व वेळ, अंतर, वेग व हवामान, मार्गात घेतलेले पदार्थ, उपद्रव, असल्यास कोणत्या किलोमीटरला, शेरा. वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला, की एका वेळी एकच बदल करावा, आणि तो निदान दोन रविवार कायम ठेवून मगच निर्णय द्यावा. या नियमाचे महत्त्व मला तेव्हा उमगले नाही. परंतु आमच्यातील बहुसंख्य लोक एकाच दिवशी दूध सोडतात, गहू सोडतात, काळे मीठ धरतात, बूट बदलतात, आणि मग पोट सुधारले असता त्याचे श्रेय बुटांना देतात, हे आता मी पाहतो.

पहिला बदल शनिवारच्या ताटात झाला. शुक्रवारी रात्रीपासून कांदा, लसूण, उसळ, मेथी, कोबी व तळलेले पदार्थ यांस निलंबित करण्यात आले. चातुर्मास सुरू झाल्यामुळे पहिल्या दोहोंचा खर्च धर्मादाय खात्यातून भागला. उरलेल्यांचा हुकूम वहिनींनी बजावला. शनिवारी सायंकाळी साडेसातच्या आत मऊ भात, त्यावर मुगाच्या वरणाचे वरचे पातळ पाणी, मीठ, सोललेल्या दुधी भोपळ्याची भाजी आणि नावापुरते तूप, एवढाच बेत राहिला. तंतुमय पदार्थ व स्निग्धांश हे एरवी आरोग्यास हितकर असले तरी जठरातून त्यांची पाठवणी सावकाश होते, म्हणून लांब धावेच्या आधीचा एक-दोन दिवस त्यांस रजा द्यावी, आणि धाव संपताच पुन्हा कामावर बोलवावे. ही शिक्षा नव्हे, तात्पुरती बदली आहे, असे डॉक्टरांचे सांगणे होते. उपासाची मात्र त्यांनी मनाई केली, कारण रिकाम्या पोटी निघालेला मनुष्य दहाव्या किलोमीटरनंतर गळतो आणि मग समोर येईल ते अधाशासारखे खातो.

दोन रविवारांनी वहीत शेरा पडला: 'वायू व मुरडा नाहीसा. तिसऱ्या किलोमीटरची निकड पूर्ववत.'

म्हणजे कांद्यावरील आरोप अंशतः शाबीत झाला. परंतु त्याचा एक साथीदार मोकळा फिरत होता. तो चहा निघाला. रावसाहेब साडेचारला उठत, पाच वाजण्यास दहा मिनिटे कमी असता चहा घेत, आणि पाच वाजून पाच मिनिटांनी बाहेर पडत. पोटात काही पडले, विशेषतः गरम आणि त्यातही चहा-कॉफीचे उत्तेजक द्रव्य असलेले, म्हणजे मोठ्या आतड्यास जाग येते, आणि ही जाग पहाटे उठल्यावर सर्वांत प्रबळ असते. यात दोष काहीच नाही. हा निसर्गाचा अत्यंत वक्तशीर विभाग आहे. रावसाहेबांचा चहा आपले काम अर्ध्या तासात करी, आणि अर्ध्या तासाने रावसाहेब तिसऱ्या किलोमीटरवर असत.

"म्हणजे चहा बंद?" त्यांनी ज्या स्वराने विचारले, त्या स्वरात त्यांनी सेवानिवृत्तीचा हुकूमही स्वीकारला नव्हता.

"बंद कशाला? अलीकडं आणा," डॉक्टर म्हणाले. "चहा चार वाजता घ्या, बाहेर सव्वापाचला पडा. मधल्या वेळात जे व्हायचं ते घरच्या घरी होऊ द्या. आणि दूध पंधरा दिवस वगळून पाहा."

चार वाजता कोरा चहा आणि त्यासोबत पांढऱ्या पावाचे दोन काप, वर थोडा मुरंबा. तीन-चार तास आधी भरपेट जेवावे हा ग्रंथोक्त नियम पहाटे धावणाऱ्यास लागू करावयाचा तर मध्यरात्री पंगत मांडावी लागेल. म्हणून मुख्य भोजन आदल्या सायंकाळी आणि धावण्यापूर्वी एक-सव्वा तास असे अल्पसे, पिष्टमय, कोंडा नसलेले खाणे, ही तडजोड करावी लागते. पहिल्याच रविवारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी सदरहू काम घरी निर्विघ्नपणे उरकले. तिसरा किलोमीटर आला आणि गेला. रावसाहेब इतके गहिवरले, की ते तेथे सवयीने थांबले, आणि थांबण्याचे काही कारण नाही असे आढळल्यावर पुन्हा निघाले. कोऱ्या चहानंतर दोन रविवारांनी दूध परत आणले, तेव्हाही काही बिघडले नाही. सबब दूध निर्दोष ठरून सन्मानाने मुक्त झाले. नोंदवही नसती तर ते बिचारे जन्मभर बहिष्कृत राहिले असते.

उरला बाराव्या किलोमीटरचा प्रश्न, आणि तो सर्वांत मौजेचा ठरला. कारण त्यातील अपराधी प्रत्यक्ष ओआरएस होते. जुलाबात शरीराने गमावलेले पाणी भरून काढून लाखो बालकांचे प्राण वाचवणारे हे चूर्ण स्वतःच जुलाबास कारण होईल, ही शंका कोणाच्या स्वप्नातही आली नसती. परंतु रावसाहेब ते कसे घेत? त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात २०० मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसत. एकीत साधे पाणी आणि दुसरीत ओआरएसची अखंड पुडी, अशी त्यांची वाटणी होती. ही मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी बनवलेली असते व तसे तिच्यावर छापलेलेही असते. त्या प्रमाणात विरघळवले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ते द्रावण रक्ताहून किंचित पातळ राहते आणि आतडे ते चटकन शोषून घेते. तेच २०० मिलिलिटरमध्ये विरघळवले, म्हणजे पाचपट घट्ट झाले, म्हणजे रक्ताच्या चौपटीहून अधिक तीव्र. असे द्रावण आत गेले की आतड्यातून शरीरात पाणी जाण्याऐवजी शरीरातून आतड्यात पाणी येते, आणि ते पाणी मग पुढची वाट धरते.

"पण घट्ट केलं म्हणजे गुण लवकर येतो ना?" रावसाहेबांनी विचारले. दूध घट्ट, चहा घट्ट, वरण घट्ट, आणि पाणी घातलेले सर्व काही फसवणुकीचे, ही आपल्या समाजाची श्रद्धा फार खोलवर रुजलेली आहे. औषधही पातळ करून घेणे म्हणजे कंपनीकडून पाव हिस्सा माल कमी घेण्यासारखे आम्हांस वाटते.

हाच न्याय त्या चिकट, पिळून खाण्याच्या जेलच्या पुड्यांनाही लागू आहे. एका पुडीत साधारणतः २५ ग्रॅम शर्करा असते, आणि ती साध्या पाण्यासोबत, पेलाभराहून थोड्या अधिक, घ्यावयाची असते. रावसाहेब ती ओआरएससोबत घेत, म्हणजे साखरेवर साखर. शिवाय धावताना घसा कोरडा पडू नये म्हणून ते साखरविरहित च्युइंग गम चघळत. त्यात गोडीसाठी सॉर्बिटॉलसारखे पदार्थ असतात, जे आतडे नीट शोषत नाही, आणि त्यांचा रेचक परिणाम होऊ शकतो असे पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेले असते. ते अक्षर वाचण्यास रावसाहेबांनी आयुष्यात प्रथमच भिंग वापरले, आणि 'आम्ही सातबारावरची याहून बारीक अक्षरं वाचली आहेत' असे वहिनींस सांगून तो गम तत्क्षणी बडतर्फ केला.

ओआरएसला मात्र त्यांनी जामिनावर सोडले: १ लिटर पाण्यात एक पुडी, त्यातील थोडे थोडे घोट. जेल एकदम न घेता अर्धी अर्धी पुडी, सुमारे वीस ते तीस मिनिटांच्या अंतराने, साध्या पाण्यासोबत. येथे डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली: आतडेही शिकते. धावताना थोडे थोडे पिण्या-खाण्याचा सराव काही आठवडे ठेवला, तर शर्करा शोषण्याची त्याची ताकद वाढते; म्हणजे पायांप्रमाणे पोटासही सराव द्यावा लागतो, आणि तो शर्यतीच्या दिवशी सुरू करता येत नाही. प्रारंभी तासाला ३० ग्रॅम शर्करा पुरे. ती सोसली तर हळूहळू ६० पर्यंत जावे. याहून पुढे जाणाऱ्यांचे शास्त्र निराळे आहे, आणि आमच्या गटाचा वेग पाहता त्याची आम्हांस आवश्यकता नाही.

आणखी दोन कलमे वहीत लाल शाईने अधोरेखित आहेत. पहिले असे, की धावण्यापूर्वी गुडघ्यासाठी म्हणून आयबुप्रोफेन वा तत्सम वेदनाशामक गोळी घेऊ नये. आधीच रक्त कमी पडलेल्या आतड्याच्या अस्तरास ती अधिक इजा करते. दुसरे असे, की जुलाब थांबवणारी गोळी खिशात ठेवून कांदाभजी खाण्याचा परवाना मिळत नाही. ही दुसरी युक्ती मी सुचवली होती, व ती कोणत्याही चर्चेविना दप्तरदाखल झाली.

तथापि नोंदवहीने सर्व काही आटोक्यात आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एप्रिलच्या उकाड्यात तोच आहार व तेच वेळापत्रक असूनही रावसाहेबांस दोनदा थांबावे लागले, कारण उष्म्यात रक्त त्वचेकडेही वाटले जाते आणि घामाने शरीरातील पाणी घटले म्हणजे आतड्यांची अवस्था आणखी बिकट होते. अशा दिवशी वेग कमी करणे हाच एकमेव पथ्यपाण्याचा भाग. दुसरे कारण भीती. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईच्या मॅरेथॉनला गेलेल्या मनुष्याने तेथील फिरत्या स्वच्छतागृहांपुढील रांग पाहावी: शिकलेली, सुखवस्तू, महागडे बूट घातलेली शेकडो माणसे अंधारात पायांची चाळवाचाळव करीत उभी असतात. त्यांतील बहुतेकांनी आदल्या रात्री भातच खाल्लेला असतो. मनाचा व आतड्याचा पत्रव्यवहार थेट आहे. तो कोणत्याही वरिष्ठाच्या सहीशिवाय चालतो.

त्या रांगेत रावसाहेब एकदा उभे राहिले, एकदाच. आणि मग अर्धमॅरेथॉन विनाथांबा पुरी करून आले. मार्गात लोकांनी हौसेने संत्री, चिक्की, कोकम सरबत, उकडलेला बटाटा आणि कोणत्या तरी नव्या कंपनीचे जेल पुढे केले. फुकट मिळालेली वस्तू नाकारणे आम्हा मध्यमवर्गीयांच्या संस्कारांत बसत नाही; मी त्यातील प्रत्येक वस्तूचा मान राखला आणि शेवटचे पाच किलोमीटर चालत काढले. रावसाहेबांनी मात्र सर्वांस नमस्कार केला व आपल्या पट्ट्यातील, सरावाने सिद्ध झालेली अर्धी पुडीच घेतली. शर्यतीच्या दिवशी पोटास कोणतीही अपरिचित वस्तू देऊ नये, या एका नियमावर त्यांची नोंदवही व डॉक्टरांचे शास्त्र यांचे संपूर्ण एकमत आहे.

तेव्हा वाचकांपैकी ज्यांस ही पीडा असेल त्यांनी आधी पोटास नावे ठेवणे थांबवावे, आणि आदल्या सायंकाळचे ताट, पहाटेच्या चहाची घटका व कमरेच्या बाटलीचे प्रमाण, या तिहींची याच क्रमाने, एका वेळी एक अशी चौकशी करावी. मात्र शौचावाटे रक्त पडत असेल वा शौच डांबरासारखे काळे होत असेल, न धावण्याच्या दिवशीही जुलाब होत असतील, रात्री त्यांसाठी झोपेतून उठावे लागत असेल, ताप येत असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर हे धावण्याचे प्रकरणच नव्हे असे समजून वही मिटावी व डॉक्टरांकडे जावे. बाकीच्यांनी वही चालू ठेवावी, आणि पोट कितीही सुधारले तरी खिशात चार घड्यांचा कागद व दहा रुपयांचे नाणे बाळगण्यास चुकू नये.